गँट चार्टच्या खाली एक पट्टी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोर्समध्ये शेड्युलिंगचं प्रकरण आलं, तेव्हा मला ते सोपं वाटलं होतं. चार प्रोसेस, प्रत्येकीची येण्याची वेळ आणि बर्स्ट टाइम, म्हणजे तिला प्रोसेसर किती युनिट लागतो ते, मग चौकटी आखून गँट चार्ट काढायचा आणि सरासरी काढायची. वर्गात एकच तक्ता सगळ्या पद्धतींसाठी वापरला होता. मी सरावाला तशाच घडणीचा, आकडे बदलून एक तक्ता घेतला:

```
प्रोसेस   येण्याची वेळ   बर्स्ट
पी१           ०          ६
पी२           १          ३
पी३           २          १
पी४           ४          ४
```

एफसीएफएस, म्हणजे जी आधी येईल ती आधी, पाच मिनिटांत झालं. पी१ सहापर्यंत, पी२ नऊपर्यंत, पी३ दहापर्यंत, पी४ चौदापर्यंत. वेटिंग टाइम ०, ५, ७, ६, म्हणजे सरासरी ४.५. यात पी३चं वाईट वाटतं. एका युनिटचं काम, पण त्यासाठी सात युनिट ताटकळायचं. एसआरटीएफमध्ये दर वेळी कुणाचं काम सर्वात कमी उरलंय ते बघायचं. तिथे पी१ला पहिल्याच युनिटनंतर बाजूला सारलं जातं आणि पी१ शेवटी ९ ते १४ चालते. वेटिंग ८, १, ०, १, सरासरी २.५.

मग राउंड रॉबिन, म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीने चालवायचं. क्वांटम २, म्हणजे एका पाळीत जास्तीत जास्त दोन युनिट. चार्ट असा आला:

```
| पी१ | पी२ | पी३ | पी१ | पी४ | पी२ | पी१ | पी४ |
०     २     ४     ५     ७     ९    १०    १२    १४
```

वेटिंग काढताना मी प्रत्येक प्रोसेस पहिल्यांदा कधी सुरू झाली ते पाहिलं आणि त्यातून येण्याची वेळ वजा केली. ०, १, २, ३. सरासरी १.५. एसआरटीएफपेक्षाही कमी! मी वहीत लिहूनही टाकलं की राउंड रॉबिन सर्वात चांगलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वही पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "पी२ दुसऱ्यांदा नवव्या युनिटला चालली ना, मग चार ते नऊ ती काय करत होती?"

तिथे मला उमगलं. मी काढला होता तो रिस्पॉन्स टाइम. एफसीएफएसमध्ये प्रोसेस एकदा सुरू झाली की संपेपर्यंत थांबत नाही, म्हणून तिथे दोन्ही आकडे एकच येतात आणि चूक लपून राहते. राउंड रॉबिनमध्ये मधली थांबणंही मोजायला हवीत. सुरक्षित वाट एकच: संपण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा, मग त्यातून बर्स्ट वजा. तसं केलं तर पी१ ६, पी२ ६, पी३ २, पी४ ६. सरासरी ५. म्हणजे या तक्त्यावर राउंड रॉबिनचं वेटिंग एफसीएफएसपेक्षाही जास्त.

तेव्हापासून चार्टच्या खाली मी आणखी एक पट्टी काढते. प्रत्येक चौकटीखाली, ती चौकट चालू असताना रेडी क्यूमध्ये कोण उभं आहे ते क्रमाने लिहिते. चार ते पाचच्या चौकटीत पी३ चालते, तर खाली पी१, पी४, पी२. या पट्टीने चुका पकडल्या जातातच, शिवाय उत्तराचा ताळाही मिळतो. चौकटीची लांबी गुणिले खाली उभ्या असलेल्यांची संख्या, अशी सगळी बेरीज केली की एकूण वेटिंग यायलाच हवं. एखादी प्रोसेस चौकटीच्या मध्येच आली तर चौकट तिथे तोडून मोजायची. या चार्टवर १, ४, ३, ४, ४, २, २, म्हणजे २०. चारने भागलं की ५. बेरीज जुळली नाही तर चार्ट किंवा वजाबाकी, काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं.

पट्टी लिहायला लागल्यावर मी एका क्षणावर अडकले. दुसऱ्या युनिटला पी१चा क्वांटम संपतो आणि त्याच क्षणी पी३ येते. आधी रांगेत कोण? माझ्या मैत्रिणीने पी१ला आधी उभं केलं, मी पी३ला. चौथ्या युनिटलाही तेच, तिथे पी२ आणि पी४. तिच्या चार्टमध्ये पी३ सातला संपली आणि पी२ आठला. माझ्याकडे पी३ पाचला आणि पी२ दहाला. दोघींची वेटिंगची सरासरी मात्र नेमकी ५! आम्ही दोघीही आपापलं बरोबर धरून बसलो होतो, कारण आकडा जुळत होता. फरक रिस्पॉन्स टाइममध्ये दिसला: माझा १.५, तिचा २.२५. आमच्या कोर्समध्ये नवी आलेली प्रोसेस आधी, मग क्वांटम संपलेली, असं धरलं होतं. पण तो ठरवलेला नियम आहे, गणितातून निघालेला नाही. म्हणून आता उत्तराच्या वर पहिल्या ओळीत मी तो लिहूनच टाकते.

यानंतर मला सर्वात जास्त वेळ लागला तो क्वांटम बदलून पाहायला, आणि सर्वात जास्त मजाही तिथेच आली. माझा समज होता की क्वांटम वाढवत नेलं की वेटिंग हळूहळू एका दिशेने सरकत जाईल. पट्टीसह सगळे चार्ट काढले तेव्हा सरासरी अशी आली:

```
क्वांटम   १     २     ३     ४     ५      ६
सरासरी   ४.५   ५     ४     ५    ५.७५   ४.५
```

६ला एफसीएफएसचाच आकडा येतो, ते स्वाभाविक आहे. सर्वात मोठा बर्स्टच ६ असल्याने कुणाचाही क्वांटम काम संपण्याआधी संपत नाही. पण ३ला सरासरी इतकी कमी आणि ५ला इतकी जास्त का? त्याचं उत्तर पट्टीत दिसतं. क्वांटम ३ असताना पी२चं काम एकाच पाळीत संपतं आणि पी१चं बरोबर दोन पाळ्यांत. पी३चं तर एकाच युनिटचं. उरलेला तुकडा फक्त पी४चा, आणि तोवर रांगेत दुसरं कुणीच नसतं. क्वांटम ५ असताना पी१ पाच युनिट वापरते आणि एक युनिट उरतं. त्या एका युनिटसाठी तिला पी२, पी३, पी४ अशी सगळी रांग संपायची वाट पाहावी लागते, ती चालते थेट तेराव्या युनिटला. आणि तिच्या पहिल्या पाच युनिटांत बाकीच्याही खोळंबून असतात. दोन्हीकडून तोटा.

एक गोष्ट या चार्टमध्ये येत नाही: एका प्रोसेसवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ. क्वांटम १ला तेरा अदलाबदली होतात, एफसीएफएसला तीन. सरासरी दोन्हीकडे ४.५च दिसते, कारण आपण अदलाबदलीचा वेळ शून्य धरलेला असतो. म्हणून आता प्रत्येक चार्टखाली सरासरीशेजारी अदलाबदलींचा आकडाही लिहिते. क्वांटम ३ला तो ४ आहे, कारण शेवटी पी४ एकटीच उरते आणि तिच्या दोन चौकटींमध्ये कुणी येत नाही. तिथे मी आधी पाच लिहिले होते.