तुम्ही विचारलंत म्हणून : खोक्याला शीट किती लागते?

“आतली लांबी, रुंदी, उंची माझ्याकडे आहे. फ्लॅप आणि जोडपट्टी धरून एका खोक्याला पुठ्ठ्याची शीट केवढी मागवू?”

आधी पुठ्ठ्याची जाडी मोजा. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, आणि बहुतेक जण जरा थांबतात, कारण जाडी त्यांनी विचारातच घेतलेली नसते. थ्री प्लाय, म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा, साधारण ३ मिलिमीटर भरतो, पाच थरांचा फाइव्ह प्लाय ६ ते ७. पण फ्लूट, म्हणजे पुठ्ठ्यातली नागमोडी नळी, बारीक की मोठी, यावर जाडी बदलते, म्हणून ऐकीव आकडा घेऊ नका. व्हर्नियर नसेल तर पुठ्ठ्याचे दहा तुकडे एकावर एक ठेवा, न दाबता पट्टीने उंची मोजा आणि दहाने भागा.

जाडी का लागते, हे मी सुरुवातीच्या काळातल्या एका ऑर्डरीवर शिकलो. संत्रा बर्फीचे डबे भरायला दोनशे खोकी हवी होती. डबा १९७ लांब, ९८ रुंद, ४९ उंच, सगळं मिलिमीटरमध्ये. लांबीत दोन, रुंदीत तीन आणि पाच थर, असे तीस डबे एका खोक्यात. बेरीज ३९४, २९४ आणि २४५. थोडी मोकळीक हवी म्हणून आतलं माप ४०० × ३०० × २५० ठरलं. माल जड, म्हणून फाइव्ह प्लाय. मी चार बाजूंची बेरीज १४०० केली, जोडपट्टीचे ४० मिळवले, रुंदी अधिक उंची ५५० धरली आणि शीट कापायला दिली. क्रीझ, म्हणजे दुमडायच्या रेषा, त्याही सरळ ४००, ३०० आणि २५० वर पाडल्या.

खोकी तयार झाली, स्टिचिंग झालं, दिसायला छान. भरायला घेतली तेव्हा तळाच्या थरातला शेवटचा डबा दाबून बसवावा लागला आणि खोक्याची बाजू फुगली. पाचवा थर ठेवल्यावर वरचे फ्लॅप खाली येईनात. टेप लावली तर अर्ध्या तासात एका कडेने सुटली. आमच्या रोटरी मशीनवर तेव्हा एक वयस्क कारागीर होते, सगळे त्यांना काकाच म्हणायचे. त्यांनी रिकामं खोकं उचललं, आतून पट्टी लावली आणि मला विचारलं, “जाडी कुठं धरली जी?” आत ३९४ भरत होतं. ठेवलेली मोकळीक सगळी पुठ्ठ्यानेच खाल्ली होती.

पुठ्ठा कागदासारखा रेषेवर दुमडत नाही. क्रीझची रेषा त्याच्या जाडीच्या मधोमध वळते, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात अर्धी जाडी आतल्या बाजूला येते. एका बाजूला दोन कोपरे, म्हणजे प्रत्येक बाजू एका जाडीने आत सरकते. म्हणून क्रीझ ते क्रीझ अंतर आतल्या मापापेक्षा एक जाडी जास्त ठेवायचं. तेच बर्फीचं खोकं घेऊ आणि जाडी ६ धरू. लांब बाजू ४०६, आडवी ३०६, पुन्हा लांब ४०६. चौथ्या बाजूला एकीकडे क्रीझ असते आणि दुसरीकडे नुसती कापलेली कड. तिथे अर्धी जाडी कमी ठेवतात, नाहीतर जोड लावल्यावर ती कड कोपऱ्याबाहेर डोकावते आणि खोकं काटकोनात बसत नाही. म्हणून चौथी बाजू ३०३. त्यात जोडपट्टीचे ४० मिळवा. शीटची लांबी झाली १४६१.

जोडपट्टी आम्ही ४० ठेवतो, कारण तारेची पिन दोन्ही पुठ्ठ्यांतून जाऊन कडेपासून सुरक्षित अंतरावर बसायला हवी. पट्टी २५-३० वर आली की पिन कडेजवळ जाते आणि भार पडल्यावर तिथूनच पुठ्ठा फाटतो. पुठ्ठा वाचवायचा म्हणून इथे कात्री लावू नका.

आता उंची. इथे लोक जास्त चुकतात, कारण वर आणि खाली दोन्हीकडे फ्लॅप एकावर एक बसतात. आधी आखूड बाजूंचे फ्लॅप दुमडतात, मग लांब बाजूंचे त्यांच्यावर येतात. क्रीझ मात्र दोघांची एकाच रेषेत असते. खालच्या फ्लॅपला अर्धी जाडी पुरते, वरच्याला त्याच्यावर चढायचं म्हणजे दीड जाडी लागते. एकच रेषा दोघांना द्यायची तर मधला मार्ग म्हणून प्रत्येक टोकाला एक जाडी धरतात. आतला फ्लॅप किंचित खाली दबतो, बाहेरचा किंचित वर उचलतो आणि माल बसतो. म्हणजे उंचीत दोन जाड्या : २५० अधिक १२, क्रीझ ते क्रीझ २६२.

फ्लॅप रुंदीच्या निम्मे. पण कोणत्या रुंदीच्या? आतल्या ३०० च्या नव्हे, क्रीझ ते क्रीझ ३०६ च्या. दोन्ही लांब फ्लॅप मधोमध भेटायचे आहेत आणि ते क्रीझपासून निघतात, म्हणून प्रत्येकी १५३. वरचा १५३, मधले २६२, खालचा १५३ : शीटची रुंदी ५६८.

एवढं समजलं की पुढच्या वेळी बाजूबाजूने मोजायची गरज राहत नाही. शीटची लांबी म्हणजे लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट, अधिक साडेतीन जाड्या, अधिक ४०. शीटची रुंदी म्हणजे रुंदी अधिक उंची, अधिक तीन जाड्या. बाजारात लोक तोंडपाठ सांगतात की ‘दुप्पट करा आणि ५० मिळवा’. ते खोटं नाही. थ्री प्लायला साडेतीन जाड्या साधारण १० होतात, त्यात ४० ची पट्टी, म्हणजे बरोबर ५०. पण तोच आकडा फाइव्ह प्लायला लावला की आपल्या खोक्यात ११ मिलिमीटर कमी पडतात. मग ते एक तर जोडपट्टीतून जातात, नाही तर आतल्या जागेतून.

हे आकडे तयार, सरळ कापलेल्या शीटचे आहेत. शीटच्या कडा ओबडधोबड येत असतील तर छाटायला लांबीत आणि रुंदीत दहा-दहा मिलिमीटर वेगळे धरा.

मापांचा क्रमही नीट लिहा. जिथून खोकं उघडतं, त्या तोंडाची मोठी बाजू लांबी, लहान बाजू रुंदी आणि खोली ती उंची. कुणी ३०० × ४०० × २५० असं लिहिलं आणि कारखान्याने ४०० ला रुंदी धरलं, तर फ्लॅप ४०० च्या निम्मे होतात. लांबीत फरक पडत नाही, पण शीटची रुंदी ५६८ ऐवजी ६६८ होते. प्रत्येक खोक्यामागे सहाव्या भागाहून जास्त पुठ्ठा गेला आणि आतली जागा तेवढीच राहिली.

आणखी एक गोष्ट पाहून लोक आमच्याकडे तक्रार घेऊन येतात. खोकं बंद करताना आतले दोन फ्लॅप एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये साधारण १०० मिलिमीटरची फट राहते. ती चूक नाही. सगळे फ्लॅप एकाच उंचीचे कापलेले असतात आणि लांबी रुंदीपेक्षा १०० ने जास्त आहे, तेवढीच ती फट. चूक तेव्हा, जेव्हा बाहेरच्या दोन फ्लॅपांत फट राहते किंवा एक दुसऱ्यावर चढतो. फट असेल तर फ्लॅप आखूड आहे, चढत असेल तर मोठा.

शीट बाहेरून मागवत असाल तर मापाबरोबर फ्लूटची दिशा जरूर लिहा. मला ही गोष्ट जाडीइतकीच महत्त्वाची वाटते. पुठ्ठ्यातल्या नागमोडी नळ्या खोक्यात उभ्या असाव्या लागतात, त्याच खांबांसारखा भार झेलतात. म्हणून त्या शीटच्या ५६८ च्या दिशेने धावल्या पाहिजेत. कोरुगेशन मशीनवर नळ्या रोलच्या रुंदीच्या दिशेने तयार होतात, त्यामुळे रुंदी-उंचीची बाजू डेकलवर, म्हणजे रोलच्या रुंदीवर, येते आणि लांबी कटिंगवर. आपल्या खोक्याच्या दोन शीट शेजारी-शेजारी घेतल्या तर ११३६ होतात. ४५ इंच डेकल म्हणजे ११४३, दोन्ही कडा छाटायला मिळून फक्त ७ उरतात, ते पुरत नाहीत. ४६ इंचात ११६८ मिळतात, १६-१६ दोन्हीकडे छाटता येतात. जागा वाचते म्हणून कुणी शीट आडवी फिरवून काढून दिली, तर माप तंतोतंत बरोबर असूनही थप्पीतलं खालचं खोकं भाराने चेपतं. ओळखायला सोपं आहे : फ्लॅपच्या वरच्या कापलेल्या कडेवर नागमोडी रांग दिसली पाहिजे. ती जोडपट्टीच्या उभ्या कडेवर दिसली तर नळ्या आडव्या आहेत.

नागपूरच्या मे महिन्यात एक काळजी वेगळी घ्या. पुठ्ठा इतका वाळतो की क्रीझवर वरचा कागद तडकतो आणि मग तिथलं माप पाळूनही काही उपयोग नसतो. त्या दिवसांत शीट पत्र्याखाली उघड्यावर पडू देऊ नका, झाकून ठेवा, आणि क्रीझ पाडल्यावर दोन-चार शीट दुमडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मशीनवर देण्याआधी एक खोकं हाताने करा. ब्लेड, लोखंडी पट्टी आणि क्रीझसाठी बोथट धार पुरते. त्यात खरा माल भरा, वरून बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बाजू सपाट असतील आणि फ्लॅप मधोमध टेकलेले असतील तर चिठ्ठीवर लिहा : फाइव्ह प्लाय, जाडी ६, शीट १४६१ × ५६८, फ्लूट ५६८ च्या दिशेने, क्रीझ १५३-२६२-१५३, जोडपट्टी ४०.