आयबीएस असताना क्रिएटिन: माझी सावध चाचणी

मला बरीच वर्षे आयबीएस, म्हणजे आतडे लहरीपणे वागण्याचा जुनाट विकार, आहे आणि तोही जुलाबाकडे झुकणारा आहे, म्हणजे सकाळी घाईने शौचाला जावे लागणे, जेवणानंतर पोटात मुरडा येणे आणि संध्याकाळपर्यंत पोट फुगणे हे माझ्या नेहमीच्या ओळखीचे आहे. चाळिशीच्या उत्तरार्धात वजने उचलण्याचा व्यायाम सुरू केल्यावर व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने क्रिएटिन सुचवले. स्नायूंना जोराच्या कामासाठी ऊर्जा पुरवायला मदत करणारा हा पदार्थ पावडरीच्या रूपात विकला जातो. आहारात तो मुख्यतः मांस आणि मासे यांतून मिळतो. मी शाकाहारी आहे, त्यामुळे शरीर स्वतः जेवढे बनवते तेवढ्यावरच माझे भागते, आणि अशा लोकांच्या स्नायूंमधला साठा मांसाहारी लोकांपेक्षा सहसा कमी असतो. एकंदरीत मला त्याचा उपयोग होण्याची शक्यता होती. मात्र "पहिला आठवडा रोज वीस ग्रॅम घ्या" हा सल्ला माझ्यासारख्या आतड्यांच्या माणसाने जसाच्या तसा मानायचा नसतो, एवढे मला ठाऊक होते.

मी आधी माझ्या पोटविकारतज्ज्ञांना विचारले. त्यांनी मूत्रपिंडाच्या कार्याची रक्ततपासणी करायला सांगितली, चालू असलेल्या औषधांची यादी पाहिली आणि शौचातून रक्त पडणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कारणाशिवाय वजन घटणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काही आहे का, ते विचारले. यांतले काही असते तर ते आयबीएसचे म्हणून सोडून न देता आधी तपासावे लागले असते आणि पावडरीचा विचार बाजूला पडला असता. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच गर्भवती किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

क्रिएटिनने पोट का बिघडते, हे नीट समजून घेतल्याचा मला पुढे सर्वाधिक उपयोग झाला. क्रिएटिन मोनोहायड्रेट, म्हणजे क्रिएटिनचा नेहमी विकला जाणारा प्रकार, पाण्यात फारसे विरघळत नाही: घरातल्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण चौदा ग्रॅम विरघळते, फ्रिजमधल्या थंड पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि कोमट पाण्यात बरेच जास्त. एका वेळी मोठी मात्रा घेतली तर तिचा काही भाग शोषला न जाता आतड्यात पुढे सरकतो आणि स्वतःभोवती पाणी ओढून घेतो. त्यातून गुडगुड, घाई आणि पातळ शौच होते. २००८ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात एका वेळी १० ग्रॅम घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी जुलाबाची तक्रार केली, तर तीच मात्रा पाच-पाच ग्रॅमच्या दोन भागांत घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २९ टक्के होते. मला अधिक बोलकी वाटली ती तिसरी संख्या, कारण ज्यांना क्रिएटिन दिलेच नव्हते त्या गटातल्याही सुमारे ३५ टक्के खेळाडूंनी जुलाब झाल्याचे सांगितले. ती माणसे निरोगी होती. मग ज्याचे आतडे मुळातच लहरी आहे, त्याने पावडर घेतल्यावर पोट बिघडले की दोष पावडरीचा मानायचा की आजाराचा, हे केवळ अंदाजाने सांगता येणार नाही. माझी पुढची सगळी आखणी या एका प्रश्नाभोवती झाली.

मोठ्या मात्रेची मुळात गरजही नव्हती. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले होते की रोज ३ ग्रॅम घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत स्नायूंतील क्रिएटिन जवळपास तेवढेच वाढते, जेवढे रोज २० ग्रॅम सहा दिवस घेऊन वाढते. म्हणजे हळू गेल्याने हातचे जाणार होते ते काही आठवडे. माझ्यासाठी हा सौदा सरळ होता.

खरेदी करताना घटकांच्या यादीत एकच नाव असलेला डबा घेतला. चव घातलेल्या पावडरींमध्ये सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांसारखे गोड पदार्थ किंवा इन्युलिनसारखे तंतू असू शकतात आणि लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारी कर्बोदके टाळणारा आहार, पाळणाऱ्या माणसाला नेमके तेच बाधतात. पोट बिघडले की बदनाम मात्र क्रिएटिन होते. "पोटाला सोसणारा" म्हणून महाग विकला जाणारा हायड्रोक्लोराइड प्रकार मी टाळला, कारण तो पाण्यात अधिक विरघळत असला तरी छोटी मात्रा आणि पुरेसे पाणी यांनी तेच काम साध्या मोनोहायड्रेटवर होते. डब्यातला चमचा पाच ग्रॅमचा असल्याने एक ग्रॅम मोजायला तो निरुपयोगी होता, म्हणून सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा मागवला.

डबा घरी आल्यावर तो लगेच उघडला नाही. आधी एक पूर्ण मासिक चक्र नुसती नोंद ठेवली, कारण पाळीच्या आसपास माझी लक्षणे नेहमीच वाढतात आणि एक-दोन आठवड्यांच्या नोंदीत तो चढ निसटला असता. रोज रात्री वहीत चार गोष्टी लिहीत असे: शौच किती वेळा झाले, शौच कडक खड्यांपासून (एक) पाण्यासारख्या पातळपर्यंत (सात) मोजणाऱ्या ब्रिस्टल मापनपट्टीवर ते कोणत्या प्रकारचे होते, पोटदुखी शून्य ते दहामध्ये किती होती आणि घाई लागली की नाही. पाचव्या रकान्यात नेहमीपेक्षा वेगळे काय खाल्ले, झोप कशी झाली, एवढेच असे. या काळात चहाची वेळ, व्यायाम आणि जेवण जाणीवपूर्वक जैसे थे ठेवले. नवे प्रथिनपूरक सुरू करायचे डोक्यात होते तेही पुढे ढकलले, कारण व्हे पावडरीतले लॅक्टोज मला त्रास देते आणि दोन नव्या गोष्टी एकत्र सुरू केल्या असत्या तर कोणतीच ओळखता आली नसती. त्या नोंदीतून पाळीचे दिवस वगळता माझी सरासरी समजली: दिवसातून दोन वेळा, बहुधा पाचव्या प्रकारचे शौच, दुखणे दोन किंवा तीन.

मग सुरुवातीला थांबण्याचा नियम लिहून ठेवला, म्हणजे त्रास झाला की त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागणार नाही. सलग तीन दिवस शौच सहाव्या किंवा सातव्या प्रकारचे झाले, किंवा दुखणे माझ्या सरासरीपेक्षा दोनने वाढून तसेच राहिले, तर मागच्या मात्रेवर यायचे. तिथेही बरे वाटले नाही तर बंद करायचे. पहिला आठवडा नाश्त्यानंतर एक ग्रॅम, दुसरा आठवडा दोन ग्रॅम, तिसऱ्या आठवड्यापासून तीन ग्रॅम, असा क्रम ठरवला. प्रत्येक वेळी पावडर कोमट पाण्यात, पेल्याच्या तळाशी कण दिसेनासे होईपर्यंत ढवळायची आणि पोट रिकामे असताना घ्यायची नाही. सकाळचा चहा आणि ही मात्रा यांत अंतर ठेवले, कारण रिकाम्या पोटी चहा हाच मला घाई लावतो.

एक ग्रॅमवर काहीही झाले नाही. दोन ग्रॅमच्या आठवड्यात मात्र शौच दोनदाऐवजी चारदा, सहाव्या प्रकारचे, असे तीन दिवस सलग झाले आणि नियमाप्रमाणे मी एक ग्रॅमवर परत आले. वही पाहिली तर त्याच्या आदल्या दिवशी होळीची पुरणपोळी खाल्ली होती, आणि चणाडाळ व गहू हे दोन्ही माझ्या न सोसणाऱ्या पदार्थांत अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. नुसता तर्क पुरेसा वाटला नाही. पोट स्थिरावल्यावर, कोणताही सण नसलेल्या आठवड्यात, पुन्हा दोन ग्रॅम घेऊन पाहिले आणि या वेळी वहीतले आकडे सरासरीपासून हलले नाहीत.

तीन ग्रॅमवर गोष्ट थोडी वेगळी निघाली. तीन ग्रॅम एकदम, अर्धा पेला पाण्यात घेतल्यावर तासाभरात पोटात गुडगुड आणि घाई, हे इतक्या नियमितपणे झाले की त्यात सणाचा किंवा पाळीचा संबंध जोडता येईना. पेल्याच्या तळाशी पांढरा थर उरत असे, तेव्हा कारण समोरच होते. तीन ग्रॅम पूर्ण विरघळायला दोनशे मिलीलिटरपेक्षा थोडे जास्त पाणी लागते. मी मात्रा दोन भागांत केली, दीड ग्रॅम नाश्त्यानंतर आणि दीड ग्रॅम दुपारच्या जेवणानंतर, दोन्ही वेळा भरलेल्या पेल्यात. त्यानंतर ती घाई राहिली नाही.

तरीही शंका होतीच, कारण आयबीएसमध्ये नुसत्या भीतीनेही पोट ढवळते. म्हणून पतीची मदत घेतली. ते आठवड्याच्या सुरुवातीला नाणे उडवून ठरवत की या आठवड्यात पाण्यात क्रिएटिन असेल की नुसते पाणी, आणि ते त्यांच्या वहीत लिहून ठेवत. दोन्हींत ते कोकमाच्या आगळाचे चार-पाच थेंब घालून स्टीलच्या पेल्यात मला देत, म्हणजे चवीने किंवा रंगाने ओळखू येऊ नये. पाणी लगेच प्यायचे असे, कारण आंबट द्रावणात क्रिएटिन फार वेळ ठेवले तर त्याचे क्रिएटिनिन या निरुपयोगी टाकाऊ पदार्थात रूपांतर होऊ लागते. शोषला न गेलेला भाग एक-दोन दिवसांत शरीराबाहेर पडत असल्याने पोटावरचा परिणाम तपासायला एकेक आठवडा पुरतो. स्नायूंतला साठा ओसरायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे ताकदीवरचा परिणाम या पद्धतीने कळला नसता. काही आठवड्यांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा क्रिएटिनचे आणि पाण्याचे आठवडे मला वेगळे ओळखता आले नाहीत. "हा नक्की पावडरीचा आठवडा" असे मी ज्याविषयी पैजेवर सांगितले होते, त्यात साधे पाणी होते.

वजन एखाद्या किलोने वाढले, ते स्नायूंत धरून ठेवलेले पाणी असते, हे आधीच वाचले असल्याने धक्का बसला नाही. पुढच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचे कार्य जोखतात, किंचित वाढलेले आले. क्रिएटिनपासूनच क्रिएटिनिन बनत असल्याने एवढ्यावरून मूत्रपिंड बिघडले असे म्हणता येत नाही, पण ही पावडर घेतो हे डॉक्टरांना सांगितलेले असेल तरच त्यांना तसा विचार करता येतो. माझ्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या कार्याचीच सिस्टॅटिन सी नावाची वेगळी तपासणी करवली आणि ती सामान्य आली.

आता मी रोज तीन ग्रॅम, दोन भागांत घेते. पोट जेव्हा खरोखर बिघडते, मग कारण प्रवासातले पाणी असो वा बाहेरचे जेवण, तेव्हा मी क्रिएटिन पूर्ण थांबवते, कारण जुलाबाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आतड्यात पाणी ओढणारी आणखी एक गोष्ट घालण्यात अर्थ नाही, आणि स्नायूंतला साठा आठवडाभरात संपून जात नाही. शौच दोन दिवस माझ्या सरासरीवर आले की एक ग्रॅमपासून पुन्हा सुरू करते आणि दोन-तीन दिवसांत तीनवर येते.