बेरीज जुळली, पण…

आज निबंधांच्या स्वमूल्यमापनाचे तक्ते उघडले. माझे गुण आधीच टाकून झाले होते. हा क्रम मी मोडत नाही. विद्यार्थ्याने स्वतःला किती दिलेत हे एकदा दिसलं की आपलाही हात नकळत त्या आकड्याकडे सरकतो, आणि मग दोन मतांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

एका मुलीचा तक्ता समोर ठेवून बराच वेळ बसले. विषय होता ‘शाळेत मोबाइलवर बंदी असावी का?’ एकूण गुण 20. मुख्य मुद्दा, आधार, रचना आणि भाषा अशा चार निकषांना प्रत्येकी 5. तिने स्वतःला 14 दिले होते, माझेही 14 होते. एवढंच पाहिलं तर पोरीला स्वतःचं लेखन अचूक ओळखता येतं असं कुणीही म्हणेल. पण निकष वेगळे करून पाहिले, तर मुख्य मुद्द्याला दोघींचे 4. आधाराला तिचे 5, माझे 2. रचनेला तिचे 3, माझे 4. भाषेला तिचे 2, माझे 4. एका बाजूचं जास्तीचं माप दुसऱ्या बाजूच्या कमी मापाने भरून निघालं होतं. म्हणून मी एकूण गुणांवरून तुलना करतच नाही. खरा फरक बेरजेत बुडून जातो.

भाषेचं कारण तिने लिहिलं होतं, ‘शुद्धलेखन कच्चं आहे, वाक्यं फार साधी आहेत.’ ‘आणी’ आणि ‘परिस्थीती’ या चुका आहेत, नाही असं नाही. पण साधी वाक्यं हा दोष तिला कुणी सांगितला? संपूर्ण निबंधात एकही वाक्य मला दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. आजवर वहीवर जिथे जिथे लाल शाई पडली, तिथेच आपण कमी आहोत असं मुलं धरून चालतात. शाई न पडलेल्या जागी सगळं ठीकच असणार, हा त्याचाच उलटा भाग. आधाराच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

तिथलं तिचं कारण होतं, ‘प्रत्येक परिच्छेदात उदाहरण दिलं आहे.’ ते खरंच आहे. तिने उदाहरणं मोजली, मी मात्र ती दाव्याला धरून आहेत का ते पाहिलं. तिसऱ्या परिच्छेदात मैत्रिणीचं लक्ष फोनमुळे कसं उडतं ते फार छान लिहिलंय आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘म्हणून बंदी घातली की निकाल सुधारतील.’ फोनने लक्ष उडतं हे त्या उदाहरणातून दिसतं. बंदी घातल्यावर ते लक्ष अभ्यासाकडेच वळेल, हे कुठेच दिसत नाही. चौथ्या परिच्छेदात ‘अनेक अभ्यासांतून सिद्ध झाले आहे’ असं आहे, पण कोणता अभ्यास, त्यात काय आढळलं, याबद्दल चकार शब्द नाही.

दुपारी तिला बोलावलं. माझे गुण सांगितले नाहीत. म्हटलं, “आधाराला तू 5 दिलेस ना, मग ते ज्यामुळे दिलेस ते वाक्य दाखव.” तिने मैत्रिणीच्या उदाहरणावर बोट ठेवलं. मी विचारलं, “यावरून निकाल सुधारतील हे कसं कळतं?” ती बोलायला लागली, आणि चांगलं बोलली. ‘फोन हाताशी नसला की ती तासाला प्रश्न विचारते, मॅडम. वही पूर्ण ठेवते.’ मग स्वतःच कागदाकडे पाहून थांबली. “हे इथे लिहिलेलं नाहीये.”

या वयात आपलं लेखन तपासताना मुलं मनातला निबंध वाचतात, कागदावरचा नाही. मधली गाळलेली पायरी त्यांच्या डोक्यात पक्की असते, म्हणून गाळली आहे हे जाणवतच नाही. त्याला मी फुशारकी म्हणणार नाही. तिने 5 दिले ते अगदी मनापासून दिले होते.

तिने सांगितलेल्या मधल्या पायरीसाठी मी गुण वाढवले नाहीत. पानावरचं वाक्य दाखवलं तर मी पुन्हा विचार करते, मनातल्या हेतूला गुण देत नाही. माझ्या गुणांशी जुळलं म्हणूनही वेगळा गुण कुणाला नाही, नाहीतर मुलं निबंध पाहायच्याऐवजी माझा अंदाज बांधत बसतील.

जाण्याआधी त्याच निकषाला तिने पुन्हा गुण दिले, 3. मग मी माझे 2 सांगितले. “तरी एकाचा फरक आहेच,” ती म्हणाली. तिचं म्हणणं होतं की मैत्रिणीचं उदाहरण निदान मूळ अडचण तरी सिद्ध करतं. युक्तिवाद चुकीचा नाही. पण निबंधाचा दावा अडचणीचा नाही, उपायाचा आहे, म्हणून मी 2 वरच राहिले. तक्त्यावर दोन्ही आकडे आणि दोघींची कारणं शेजारी शेजारी लिहिली. तिसरा परिच्छेद ती सोमवारी पुन्हा लिहून आणणार आहे, आणि पुढच्या तक्त्यात ‘कारण’ या रकान्याशेजारी ‘निबंधातलं वाक्य’ असा आणखी एक रकाना मी घालणार आहे.