फळ्याच्या फोटोवरून कँडिडेट की शोधताना

डेटाबेसच्या एका तासाला मला जाता आले नव्हते. त्या तासाचा गृहपाठ मैत्रिणीने फळ्याचा फोटो काढून पाठवला. फळ्यावर सहा ॲट्रिब्यूटची रिलेशन R(A, B, C, D, E, F), तिच्याखाली एकाखाली एक लिहिलेल्या फंक्शनल डिपेंडन्सी, म्हणजे कशावरून काय ठरते ते बाणाने दाखवणाऱ्या ओळी, आणि बाजूला दोन प्रश्न होते: सर्व कँडिडेट की, म्हणजे बाकी सगळे ज्यांवरून ठरते आणि ज्यांतले एकही अक्षर कमी करता येत नाही असे संच, शोधा, आणि रिलेशन बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म म्हणजे बीसीएनएफमध्ये नेताना कोणती डिपेंडन्सी हातची जाते ते सांगा. अशा प्रश्नात आकडेमोड फारशी नसते, पण फोटोतले एक अक्षर जरी वेगळे वाचले गेले तरी उत्तर पूर्णपणे बदलते. म्हणून आधी नीट वाचायचे आणि मग सोडवायचे, असा क्रम मी ठेवला.

फोटोत तीनच ओळी दिसत होत्या: AB → C, C → D, आणि तिसरी D → B किंवा D → E, कारण ते अक्षर ट्यूबलाइटची चमक पडल्यामुळे नीट कळत नव्हते. क्लोजर, म्हणजे काही ॲट्रिब्यूटवरून मिळू शकणाऱ्या सगळ्यांचा संच, काढायला घेण्यापूर्वी मी नेहमी एक साधी विभागणी करते. प्रत्येक ॲट्रिब्यूट बाणाच्या फक्त डावीकडे येते, फक्त उजवीकडे येते, दोन्हीकडे येते की कुठेच येत नाही, एवढेच वहीत लिहायचे. ही विभागणी पुढे की शोधायला तर लागतेच, पण फोटो अपुरा असेल तर तेही तिच्यातूनच उघड होते. इथे तिसऱ्या ओळीतले अक्षर काहीही धरले तरी F कोणत्याच डिपेंडन्सीत येत नव्हते. नियमाप्रमाणे असे ॲट्रिब्यूट प्रत्येक कँडिडेट कीमध्ये घ्यावेच लागते, कारण ते दुसऱ्या कशावरूनही मिळत नाही. एखाद्या प्रश्नात तसे मुद्दाम दिलेले असू शकते, हे खरे. पण फोटोची खालची कड शेवटच्या ओळीला अगदी खेटून संपत होती, त्यामुळे एखादी ओळ कापली गेल्याची शंका घेणे रास्त होते. मी विचारल्यावर मैत्रिणीने लगेच लिहिले, "अगं हो, खाली अजून एक ओळ आहे, थांब, पूर्ण फळ्याचा पाठवते." दुसऱ्या फोटोत चौथी ओळ होती: E → F.

आता प्रश्न उरला तिसऱ्या ओळीचा, कारण दुसऱ्या फोटोतही चमक तिथेच होती. अक्षराच्या वळणावरून अंदाज बांधता येतो. पहिल्या ओळीतल्या AB मधला B सरांनी खालच्या पोटाशी पूर्ण बंद केला होता, आणि तिसऱ्या ओळीतल्या अक्षराची खालची बाजूही बंद असल्यासारखी वाटत होती. तरी एवढ्यावर भरवसा न ठेवता मी दोन्ही वाचने शेवटपर्यंत करून पाहिली.

D → E धरले तर AB → C → D → E → F अशी सरळ साखळी तयार होते. A आणि B कुठेच उजवीकडे येत नाहीत, AB च्या क्लोजरमध्ये, म्हणजे (AB)+ मध्ये, सहाही ॲट्रिब्यूट येतात, आणि म्हणून AB ही एकुलती एक कँडिडेट की ठरते. या रिलेशनचे (A, B, C), (C, D), (D, E), (E, F) असे तुकडे केले की सगळे बीसीएनएफमध्ये येतात आणि चारही डिपेंडन्सी आपापल्या तुकड्यात शाबूत राहतात. मग "कोणती डिपेंडन्सी हातची जाते" या दुसऱ्या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. D → B धरले तर मात्र तो प्रश्न नेमका लागू पडतो, हे पुढे दिसेलच. अक्षराचे वळण आणि प्रश्नाची मागणी दोन्ही एकाच बाजूला झुकत असल्यामुळे मी D → B हे वाचन कायम केले.

निश्चित झालेल्या चार ओळींवर विभागणी पुन्हा केली. A आणि E फक्त डावीकडे येतात. F फक्त उजवीकडे येतो. B, C आणि D दोन्हीकडे येतात. जे उजवीकडे कधीच येत नाही ते प्रत्येक कीमध्ये असलेच पाहिजे, म्हणून A आणि E पक्के. जे फक्त उजवीकडे येते ते कोणत्याही कँडिडेट कीमध्ये असू शकत नाही, कारण ते काढून टाकले तरी उरलेल्यांवरून परत मिळते. म्हणून F बाद. सहा ॲट्रिब्यूटचे रिकामा सोडून 63 उपसंच होतात, पण या दोन वाक्यांनंतर तपासायला फक्त आठ उरतात: AE आणि त्यात B, C, D यांपैकी काही मिळवून होणारे. सुरुवात सर्वांत लहानापासून करायची.

```
(AE)+  = A E F
(ABE)+ = A B C D E F
(ACE)+ = A B C D E F
(ADE)+ = A B C D E F
```

AE पुरेसे नाही, कारण त्यातून फक्त F मिळतो. ABE मध्ये AB वरून C, C वरून D आणि E वरून F असे सगळे हाती येते. ACE मध्ये C वरून D आणि D वरून B येतो. ADE मध्ये वाट थोडी लांबची आहे: D वरून B, मग A आणि B एकत्र आल्यामुळे C. ही तिसरी की सहज निसटते, कारण AD ही जोडी दिलेल्या कोणत्याच डिपेंडन्सीच्या डावीकडे लिहिलेली नाही. डावीकडच्या जोड्या पाहून की ओळखायची सवय असलेले विद्यार्थी ABE वर थांबतात, ते याचमुळे. या तिन्ही कींची लघुतमता वेगळी सिद्ध करावी लागत नाही: A आणि E काढता येत नाहीत, आणि तिसरे अक्षर काढले तर AE उरते, जे अपुरे आहे. राहिलेल्या चार उपसंचांत या तिघींपैकी एखादी आधीच सामावलेली आहे, म्हणून ते सुपर की असले तरी कँडिडेट की नव्हेत. उत्तर: ABE, ACE, ADE.

मधल्या गटात तीनच अक्षरे होती म्हणून आठ उपसंचांत काम झाले. तिथे दहा अक्षरे असती तर 1024 उपसंच झाले असते, आणि तेव्हा "सगळ्या की सापडल्या" हे कशावरून म्हणायचे, हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी लुकेसी आणि ऑसबर्न यांनी 1978 मध्ये मांडलेली पद्धत मला फार उपयोगी वाटते. हाती असलेली की K घ्यायची आणि प्रत्येक डिपेंडन्सी X → Y साठी K मधून Y ची अक्षरे काढून X ची घालायची. तयार झालेल्या संचात आधी सापडलेली एखादी की सामावलेली असेल तर तो सोडून द्यायचा. नसेल तर त्यातली अनावश्यक अक्षरे काढली की नवी की मिळते. मी पडताळ्यासाठी ABE पासून सुरुवात केली. D → B लावल्यावर B जाऊन D आला: ADE. त्याला C → D लावल्यावर D जाऊन C आला: ACE. त्याला AB → C लावल्यावर C जाऊन B आला, म्हणजे पुन्हा ABE. उरलेल्या प्रत्येक अदलाबदलीतून आधीची की पोटात असलेला संचच निघाला. नवे काही निघेनासे झाले की यादी पूर्ण झाली, अशी या पद्धतीची हमी आहे.

यादी पूर्ण असणे नॉर्मल फॉर्मसाठी का निर्णायक ठरते, हे याच उदाहरणात स्पष्ट दिसते. तीन की मिळून A, B, C, D, E ही पाचही अक्षरे प्राइम, म्हणजे कोणत्यातरी कीचा भाग, ठरतात आणि F एकटाच नॉन-प्राइम उरतो. E हा कीचा केवळ एक भाग असून त्यावरून F ठरतो, म्हणून मूळ रिलेशन सेकंड नॉर्मल फॉर्ममध्येच बसत नाही. (E, F) वेगळे काढले की उरलेल्या (A, B, C, D, E) मध्ये सगळीच ॲट्रिब्यूट प्राइम असल्यामुळे ती थेट थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये जाते. ABE या एकाच कीवर थांबलेल्याला मात्र C आणि D नॉन-प्राइम दिसतील, AB → C ही पार्शल डिपेंडन्सी वाटेल, आणि तो तीच रिलेशन फर्स्ट नॉर्मल फॉर्ममध्ये ढकलेल.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी अक्षरांना अर्थ दिला, कारण नुसत्या अक्षरांवर काय हरवले ते जाणवत नाही. A म्हणजे विद्यार्थी, B विषय, C बॅच, D शिक्षक, E छंदवर्गाचा क्रमांक आणि F त्या वर्गाची फी. विद्यार्थी एका विषयासाठी एकाच बॅचमध्ये बसतो, बॅचला एकच शिक्षक असतो, आणि शिक्षक एकच विषय शिकवतो. बीसीएनएफमध्ये प्रत्येक डिपेंडन्सीच्या डावीकडे सुपर की लागते, आणि C → D व D → B दोन्ही ही अट मोडतात. D → B वर फोडल्यावर (D, B) आणि (A, C, D, E), पुढे C → D वर फोडल्यावर (C, D) आणि (A, C, E). शेवटी (E, F), (D, B), (C, D), (A, C, E) असे चार तक्ते होतात आणि AB → C कोणत्याच तक्त्यात राहत नाही. फोडण्याचा क्रम बदलूनही ती वाचत नाही: A, B, C एकत्र ठेवणाऱ्या तक्त्यात C वरून B ठरतोच, आणि C एकटा तिथे की नसतो, C ऐवजी D घेऊन A, B, D एकत्र ठेवले तर D → B तीच अट मोडते. व्यवहारात याचा अर्थ असा की एकच विद्यार्थी गणिताच्या दोन बॅचमध्ये नोंदवला गेला तरी कोणताही एक तक्ता ते अडवू शकत नाही. तीन तक्ते जोडून पाहावे तेव्हाच ते कळते.

म्हणून वहीत मी बीसीएनएफच्या उत्तराशेजारी थर्ड नॉर्मल फॉर्मची मांडणीही लिहिली: (A, B, C), (C, D), (D, B), (E, F) आणि मूळ की जपण्यासाठी (A, B, E). इथे AB → C पहिल्या तक्त्याची की म्हणून शाबूत राहते; त्या बदल्यात बॅचचा विषय तिच्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे पुन्हा लिहावा लागतो. प्रवेशाच्या नोंदीत दुहेरी बॅच टाळणे जास्त गरजेचे असल्यामुळे मला हीच मांडणी पटते, आणि मैत्रिणीला उत्तर पाठवताना मी तीच वर ठेवली.