लाईट बिल, चार खोल्या आणि 490 युरो

आपल्याकडे लाईट बिल महिन्याच्या महिन्याला येतं. जास्त आलं तर त्याच संध्याकाळी घरात एकदा ओरडाआरडा होते, फ्रीजपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन होतो आणि पुढच्या महिन्यात आपण विसरतो. जर्मनीत तसं नाही. इथे वीज कंपनी वर्षाच्या सुरुवातीला अंदाज बांधते, दर महिन्याला तेवढी ठरावीक रक्कम बँकेतून कापून घेते, आणि वर्ष संपलं की मीटरचा आकडा बघून एकदम हिशेब करते. कमी वापर झाला असेल तर पैसे परत. जास्त झाला असेल तर उरलेले एकरकमी भरा. या उरलेल्या रकमेला इथे नाखत्सालुंग म्हणतात, आणि चार जणांच्या घरात एवढा एक शब्द उच्चारला तरी जेवणाचं टेबल गप्प होतं.

ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो. कुणाचं नाव लिहीत नाही, खोल्यांनीच ओळखूया. रस्त्याकडच्या खोलीत एक जर्मन मुलगा, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत एक स्पॅनिश मुलगा, बाल्कनीच्या खोलीत ऑगस्टमध्ये आलेली एक मुलगी, आणि कोपऱ्यातल्या थंडगार खोलीत मी. बाल्कनीच्या खोलीत आधी दुसरा एक जण होता, तो जुलैअखेर गेला. विजेचा करार माझ्या नावावर आहे. म्हणजे पैसे माझ्या खात्यातून कापले जातात आणि मागायचे मलाच लागतात.

फेब्रुवारीच्या 20 तारखेला वर्षाचं बिल आलं. 1 फेब्रुवारी ते 31 जानेवारी, 4,900 युनिट. युनिटला 34 सेंट धरून 1,666 युरो, आणि वर स्थिर आकार महिन्याला 12 युरो, म्हणजे वर्षाचे 144. एकूण 1,810. आम्ही महिन्याला 110 प्रमाणे 1,320 भरले होते. राहिले 490, आणि ते 10 मार्चला माझ्या खात्यातून जाणार होते.

चार जणांत 4,900 युनिट ऐकून घरचे म्हणाले, एवढी वीज करता काय तुम्ही? उत्तर बाथरूमच्या भिंतीवर आहे. आमच्याकडे अंघोळीचं पाणी विजेच्या इन्स्टंट गीझरवर तापतं. त्याचं जर्मन नाव म्हणेपर्यंत अंघोळ उरकते, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘खोकं’ म्हणतो. हे खोकं 21 किलोवॅटचं आहे. पूर्ण जोरावर दहा मिनिटं चाललं की साडेतीन युनिट, म्हणजे जवळपास 1 युरो 20 सेंट. शिवाय थंडीत नळाला येणारं पाणीच इतकं गार असतं की तेवढ्याच अंघोळीला जास्त वीज लागते.

तर मी पहिल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकायला जो निरोप लिहिला तो असा होता: ‘बिल खूप आलंय, आपण सगळ्यांनीच जरा जपून वापरूया, विशेषतः अंघोळीच्या वेळी.’ वाचायला निरुपद्रवी. पण त्यात ‘विशेषतः अंघोळीच्या वेळी’ हे कोणासाठी होतं, ते मला पक्कं माहीत होतं. बाल्कनीवाली अर्धा अर्धा तास बाथरूममध्ये असते. लेकी बोले सुने लागे, हे आपण आजीच्या मांडीवर शिकतो, आणि चार देशांच्या लोकांना ते भाषा न येताही बरोबर लागतं. ‘आपण सगळ्यांनी’ असं म्हटलं की प्रत्येक जण मनात विचारतो, म्हणजे नक्की कोणी? नशीब, तो निरोप पाठवला नाही. कारण पाठवायच्या आधी मी मीटर बघायला तळघरात गेले.

हे मी कोणालाही आधी करायला सांगेन. पैसे मागायच्या आधी बिल खरं आहे का ते बघावं. आमच्या इमारतीत एकाच भिंतीवर आठ मीटर आहेत, त्यामुळे बिलावरचा मीटर नंबर आपल्याच मीटरचा आहे ना, ते आधी जुळवायचं. मग बिलात शेवटच्या आकड्यापाशी तो वाचलेला आहे की अंदाजाने धरलेला, हे लिहिलेलं असतं ते बघायचं. तुम्ही आकडा कळवला नाहीत तर कंपनी अंदाज धरून मोकळी होते. आजचा मीटरचा आकडा बिलातल्या आकड्याहून कमी निघाला, तर बिल सरळ चुकीचं आहे. आधी कंपनीला कळवायचं आणि घरात तूर्त कोणाकडे काही मागायचं नाही. आमचं बिल बरोबर होतं. शेवटचा आकडा 43,110, आणि तो मीच कळवला होता.

आता वाटणी. जर्मन मुलगा म्हणाला, 490 भागिले चार, 122 युरो 50 सेंट, विषय संपला. बाल्कनीवाली हळूच म्हणाली, मी तर सहाच महिने होते, माझे 61 युरो 25 सेंट व्हायला हवेत. दोघांचंही ऐकायला रास्त. पण दोघांचाही हिशेब चुकीचा, कारण वीज महिन्यांप्रमाणे सारखी जळत नाही.

माझ्याकडे एक गोष्ट होती. जुना मुलगा गेला त्या दिवशी, 31 जुलैला, मी मीटरचा फोटो काढून ठेवला होता: 40,130. वर्षाची सुरुवात 38,210 ला झाली होती. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत 1,920 युनिट आणि पुढच्या सहांत 2,980. पहिल्या भागाचा खर्च स्थिर आकार धरून 724 युरो 80 सेंट, त्यातले 660 भरलेले, बाकी 64.80. दुसऱ्या भागाचा खर्च 1,085.20, भरलेले 660, बाकी 425.20. दोन्ही मिळून बरोबर 490.

आणि इथेच पंचाईत. या हिशेबाने बाल्कनीवालीचा वाटा 61 नाही, 106 युरो 30 सेंट येतो. आकडा खरा असला तरी तो तसाच तिच्यापुढे ठेवला असता तर तिला एकच ऐकू आलं असतं: तू आलीस आणि बिल वाढलं. तारखा पाहिल्या तर तसंच दिसतं. पण तिच्या येण्याबरोबर हिवाळाही आला होता, आणि हिवाळ्याबरोबर माझ्या खोलीत दोन किलोवॅटचा हीटर.

हो, हीटर माझा होता. प्रबंध लिहिताना संध्याकाळी तो लावून बसायचे. भिंतीच्या प्लगमध्ये बसवायचं छोटं मीटर इथे दहा-पंधरा युरोला मिळतं, काही ग्राहक सल्ला केंद्रांत उसनंही मिळतं. ते लावून पाहिलं तर एका संध्याकाळी चार युनिट. साधारण साठ संध्याकाळी धरल्या तर 240 युनिट, म्हणजे 81 युरो 60 सेंट. साठ हा माझा अंदाज आहे, पण मी तो माझ्या विरुद्ध बाजूने धरला.

मग हा भाग सामाईक रकमेतून आधी बाजूला काढला. 425.20 मधून 81.60 वजा, राहिले 343.60, चौघांत 85.90. पहिल्या सहा महिन्यांचे प्रत्येकी 16.20. शेवटी ग्रुपवर इंग्रजीत जे पाठवलं ते मराठीत असं:

‘वर्षाचं बिल आलंय, सोबत जोडलंय. 490 युरो बाकी आहेत, 10 मार्चला माझ्या खात्यातून जातील. मीटरचे तीन फोटो खाली आहेत. फेब्रुवारी ते जुलै 1,920 युनिट झाले, ऑगस्ट ते जानेवारी 2,980. दुसऱ्या भागात माझ्या खोलीतल्या हीटरचे अंदाजे 240 आहेत, ते माझ्याकडे धरलेत. त्यामुळे माझे 183.70, रस्त्याकडची आणि स्वयंपाकघराजवळची खोली प्रत्येकी 102.10, बाल्कनी 85.90, आणि जुना बाल्कनीवाला 16.20. आकडेमोडीत काही चुकलं असेल तर रविवारपर्यंत सांगा. एकदम द्यायला अवघड असेल तर मला वेगळं कळवा, दोन हप्ते चालतील.’

यात मी मुद्दाम काय केलं ते सांगते. ‘झाले’ हे मराठी क्रियापद मला फार उपयोगी पडलं. मी निरोप आधी मराठीतच लिहून बघितला. युनिट ‘झाले’ म्हटलं की कोणी ‘जाळले’ हा प्रश्न उठत नाही. माझा आकडा पहिला आणि सगळ्यात मोठा. तारीख बँकेची, माझी नाही, म्हणून ‘तू कधी देणार’ असं विचारावं लागलं नाही. आणि अंघोळीचा शब्दही नाही. खोकं मोजायला गेलं तर मोजता येतं, पण मग कोणाच्या केसांची लांबी किती इथपर्यंत गोष्ट जाते. ज्याला प्लगचं मीटर लावता येतं आणि जे एकाच खोलीत चालतं, एवढंच वेगळं धरायचं. बाकी सामाईक. कोणाची मैत्रीण महिन्यातले वीस दिवस राहत असेल तर ते पुढच्या महिन्यापासून ठरवायचं, मागच्या तारखेने नाही.

इंटरनेटचं असं काही नसतं, महिन्याची रक्कम ठरलेली, चारने भागा. इथली रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणीही माणशी नसून घराला आहे, महिन्याला 18.36, म्हणजे आमचे प्रत्येकी 4.59. त्यावरून कोणी कधी भांडल्याचं मला आठवत नाही.

जुन्या मुलाने 16.20 तासाभरात पाठवले. जर्मन मुलाने बेरीज तपासली आणि अंगठा दाखवला, म्हणजे फार खूश. स्पॅनिश मुलाचे पैसे 9 तारखेच्या रात्री आले. बाल्कनीवाली माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, 61 पेक्षा जास्त का, ते मला फोटो बघून कळलं. पण माझ्या अंघोळी लांब असतात हे तुला माहीत आहे ना? मी म्हटलं, माहीत आहे. मग आम्ही दोघींनी चहा केला.

एप्रिलपासून मासिक रक्कम 110 वरून 151 झाली, प्रत्येकी 37 युरो 75 सेंट. दर महिन्याच्या 1 तारखेला मीटरचा फोटो ग्रुपवर पडतो. पहिला फोटो बाल्कनीवालीने टाकला, तळघरात मोबाईलचा टॉर्च लावून, थोडा हललेला: 43,907.