टॅबवर पप्पांचं खातं होतं, तिथेच घोडं अडलं

अमळनेरच्या उन्हाळ्यात दुपारी पोराला बाहेर सोडता येत नाही, म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला टॅब दिला. देताना घरात जे गूगल खातं होतं तेच टाकलं. ह्यांचं. टीव्हीवर तेच, टॅबवरही तेच. मग टॅब रात्री उशीखाली सापडायला लागला, तेव्हा मी वेळेची मर्यादा लावायला बसले.

आधी प्ले स्टोअरमध्ये पिन घालून वयाची मर्यादा लावली आणि खूश झाले. पण तिने फक्त नवीन गेम उतरवताना अडवलं. आधी घेतलेले गेम तसेच चालू, आणि वेळेचा तर तिथे संबंधच नाही.

मग Family Link हे पालकांसाठीचं गूगलचं ॲप घेतलं आणि तीन संध्याकाळी त्यात घातल्या. ह्यांच्या फोनवर ॲप उघडायचं, टॅब शोधायचा, टॅब दिसायचा नाही. ॲप काढलं, परत टाकलं. वायफाय बंद-चालू केलं. दोघांचं भांडण झालं ते वेगळंच. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता डोक्यात आलं, की हे ॲप टॅबवर नाही, मुलाच्या खात्यावर लक्ष ठेवतं. आणि आमच्या टॅबवर मुलाचं खातंच नव्हतं. पप्पाच पालक आणि पप्पाच पोरगं, मग दिसणार कोण?

मुलाचं वेगळं खातं काढलं. जन्मतारीख खरीच घाला. लवकर उरकावं म्हणून मोठ्या माणसाचं साल टाकलं तर ते मुलाचं खातं धरलंच जात नाही. ह्यांचं खातं टॅबवरून काढून टाकलं, कारण ते राहिलं तर ॲपमध्ये वरच्या गोल चित्रावर बोट ठेवून पोरगं पुन्हा पप्पा होऊ शकतं. मात्र त्याच्या गाड्यांच्या गेममधली सगळी पातळी जुन्या खात्याला बांधलेली होती, ती गेली. तासभर रडणं. हे आधी सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं.

पुढचं दहा मिनिटांत झालं. Daily limit दीड तास, Downtime रात्री नऊपासून. मर्यादा बदलली तर ती टॅबला नेट मिळाल्यावरच पोचते, एवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे लाईट गेली की वायफाय जातं, आणि मी फोनवरून वाढवून दिलेला वेळ टॅबला कळतच नाही. अशा वेळी ह्यांच्या फोनमधल्या Family Link मधला Parent access code टॅबवर टाकला की कुलूप उघडतं. कोड बदलत राहतो, त्यामुळे पोराने बघून ठेवला तरी उपयोग नाही.

पहिल्याच रात्री नऊला टॅब बंद पडला. पोरगं गेलं थेट आजीकडे, आणि मोबाईल हातात देत सासूबाई मलाच म्हणाल्या, "देखू दे ना वं जरासं!"

आजीच्या फोनवर त्याचं खातं नाही. तिथे माझं काहीच चालत नाही.