कपाटात थांबलेले सोलर घड्याळ पुन्हा सुरू करताना

वडिलांचे जपानी बनावटीचे सोलर घड्याळ दादरच्या घरी लोखंडी कपाटात सव्वा वर्ष पडून होते. पूर्ण चार्ज असलेले या प्रकारचे साधे काट्यांचे घड्याळ अंधारात सहा महिने चालते असे त्याच्या माहितीपुस्तिकेत म्हटले होते, त्यामुळे जुलैमध्ये ते बंद सापडले याचे नवल वाटले नाही.

पहिल्या रात्री मी ते ट्यूबलाइटखाली टेबलावर ठेवले, पण सकाळपर्यंत काटा हलला नाही. याचे कारण नंतर उमगले. भर उन्हाचा प्रकाश साधारण एक लाख लक्स असतो, ढगाळ दिवशी बाहेर तो दहा हजारांच्या आसपास उतरतो आणि घरातल्या दिव्याखाली जेमतेम पाचशे भरतो. एवढा प्रकाश चालत्या घड्याळाचा रोजचा खर्च भागवू शकतो, मात्र पूर्ण उतरलेला सेल त्यावर भरायला फार काळ लागतो.

दोन दिवसांनी ऊन पडले, तेव्हा तबकडी उन्हाकडे करून मी ते खिडकीत ठेवले. तासाभरात सेकंद काटा हलला, पण तो दर सेकंदाला न सरकता दोन सेकंद थांबून दोन घरे एकदम पुढे जाई. घड्याळ सुरू झाले या आनंदात मी वेळ लावली आणि ते पुन्हा कपाटात ठेवले. दुसऱ्या सकाळी ते बंद होते. माझी चूक इथेच झाली, कारण ती दुहेरी उडी म्हणजे चार्ज अपुरा असल्याची सूचना असते.

जवळच्या दुरुस्तीवाल्याने साधा सेल टाकून देण्याची तयारी दाखवली. ते मी टाळले, कारण आतला सेल पुन्हा चार्ज होणारा असतो आणि त्याच्या जागी साधा बसवला तर चार्जिंगचा प्रवाह त्यात जाऊन तो गळू शकतो.

मग पाच दिवस सकाळी आठ ते अकरा मी ते पांढऱ्या रुमालावर उन्हात ठेवले. पुस्तिकेनुसार रिकामा सेल भर उन्हात सुमारे अकरा तासांत भरतो, पण पावसाळ्यातले ऊन मध्येमध्ये झाकोळत असल्याने मी जास्त वेळ दिला. दुपारचे कडक ऊन टाळले, कारण धातूची केस फार तापली तर सेलचे आयुष्य घटते. मागची बाजू हाताला चटका देऊ लागली की मी ते सावलीत घेत असे.

सेल नुसता उपाशी होता की म्हातारा झाला होता, हे मात्र अंधारातच कळणार होते. म्हणून घड्याळ पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये ठेवले. तीन-चार दिवसांतच दुहेरी उडी परत आली असती, तर त्याच प्रकारचा नवा सेल बसवावा लागला असता. सोळाव्या दिवशी ड्रॉवर उघडला, तेव्हा काटा एकेक सेकंदच सरकत होता. आता ते खिडकीसमोरच्या फळीवर असते.